तोच काफिया, तेच ‘रिते पोट’: याला नक्कल म्हणायचं का?

महालचा_मिसरा: रविवारच्या बैठकीत मी हा शेर वाचला होता:
धुराडे विझाले, सुनी चाळ झाली
मुलेही रिते पोट घेऊन गेले
आठ दिवसांत धंतोलीच्या ताईंच्या गझलेत ‘रिते पोट घेऊन गेले’ जसंच्या तसं आलं. अर्धी ओळ उचलली आहे, स्पष्ट बोलतो. इतरांना काय वाटतं?

धंतोली_ताई: दादा, नमस्कार. तुम्ही शंका उघडपणे मांडलीत, म्हणून मीही सगळं इथेच मांडते. माझा शेर असा आहे:
जिलेबी मिळाली सभेला म्हणूनी
सकाळी रिते पोट घेऊन गेले
तरही मिसरा सगळ्यांना एकच होता, ‘उन्हाचा कुणी घोट घेऊन गेले’. रदीफ ठरलेली, वृत्त भुजंगप्रयात. काफिये कुठून आणणार? बोट, पोट, नोट, मोट, खोट, लोट; फार तर कोट आणि गोट. आठ शेर लिहायचे तर पोट टाळणं कठीण आहे.
आता ‘रिते’. पोटाच्या आधी लगा एवढीच जागा उरते. ‘रिकामे’ घेतलं तर लगागा होतं, ‘उपाशी’चंही तेच. भुकेलं पोट त्या जागेत बसवायला माझ्या हाताशी दुसरा सरळ शब्द नव्हता.
तारखांचं म्हणाल, तर बैठकीच्या आधीच्या गुरुवारी मी ही गझल भाऊसाहेबांना व्हॉट्सॲपवर इस्लाहसाठी पाठवली होती. त्यात जिलेबी आहे, सभा आहे, पोटही आहे. फक्त ‘सकाळी भुके पोट’ असं लिहिलं होतं. ‘भुके’ ओढूनताणून आणलंय हे मलाही कळत होतं. ‘रिते’ त्यांनी सोमवारी सुचवलं. स्क्रीनशॉट देत नाही, कारण तो बनवता येतो. एक्स्पोर्ट केलेलं चॅट तर साधी टेक्स्ट फाईल असते, तारीखही बदलता येते. भाऊसाहेबांच्या फोनमध्ये मूळ मेसेज आहे, तोच बघावा.

वऱ्हाडी_वाघ: काऊन भांडून राहिले बाप्पा! जमीन कोणाच्या बापाची नसते. तरहीवर लिहिलं म्हणजे सगळं माफ. विषय संपला.

महालचा_मिसरा: वाघभाऊ, जमीन सगळ्यांची, पण पीक ज्याचं त्याचं. ताई, गुरुवारचं मान्य करतो. पण ‘रिते’ आलं सोमवारी, म्हणजे माझ्या वाचनानंतर. आणि त्या बैठकीत भाऊसाहेब पहिल्याच रांगेत बसले होते.

सीताबर्डी_४४००१२: कॉपीराइट रजिस्टर केलंय का दादा? नसेल तर हक्कच नाही तुमचा.

वकिली_आणि_वृत्तं: असं नाही. १९५७च्या कायद्यात हक्क रचनेबरोबरच निर्माण होतो, नोंदणी ऐच्छिक आहे. पण तो मिळतो मांडणीला, कल्पनेला नाही. सर्वोच्च न्यायालयाने १९७८ साली आर. जी. आनंद खटल्यात हेच धरलं. दोन शब्दांवर कोर्टात काही उभं राहणार नाही. मैफलीतल्या नैतिकतेचा प्रश्न वेगळा, तो कोर्ट सोडवत नाही.
नक्कल ओळखायची माझी पद्धत सांगतो. चांगल्या जागा जुळतात का ते मी बघतच नाही, कच्च्या जागा जुळतात का ते बघतो. ‘पोट’ला भूक कुणालाही सुचेल. पण वृत्त भरायला एकाने ‘बरे का’ टाकलं असेल आणि दुसऱ्याकडेही त्याच शेरात, त्याच जागी ‘बरे का’ निघालं, तर मी सरळ बोट दाखवीन. दोन्ही गझला शेजारी ठेवून वाचल्या. दादांकडे चौथ्या शेरात ‘अरे हो’ची भर आहे, ताईंकडे मतल्यात ‘तसे ते’. एकही भर जुळत नाही. वरचे मिसरेही पूर्ण निराळे: तिकडे बंद गिरणी, इकडे सभेची जिलेबी. एक दुःखाचा शेर, दुसरा चिमटा.

रांगोळी_रेशीमबाग: माझी संस्कारभारती रांगोळी एकीने फोटोवरून रंगांसकट काढली आणि बक्षीसही घेतलं! मी कुठे तक्रार करू?

वकिली_आणि_वृत्तं: ताई, तुमचं वेगळं आहे, त्याचा धागा स्वतंत्र काढा. आणि तुमच्या रांगोळीचा मूळ फोटो जपून ठेवा. व्हॉट्सॲपवर फोटो म्हणून पाठवला की आतली तारीख-वेळ निघून जाते.

भाऊसाहेब_इस्लाह: चॅट तपासलं. गुरुवारी रात्री पावणेदहाला ‘भुके’ आहे, सोमवारी माझा ‘रिते’. दादा, तुमचा शेर मी ऐकला होता आणि आवडलाही होता. ‘रिते’ सुचवताना तो कानात होता की वृत्तानेच तो शब्द दिला, हे मला आज छातीठोक सांगता येणार नाही.

धंतोली_ताई: मग मी शब्द बदलून बघते. ‘सकाळी कुणी पोट घेऊन गेले’ वृत्तात बसतं, पण भूक निघून जाते आणि जिलेबीला अर्थच राहत नाही. दादा, तुम्हाला लगात दुसरं काही सुचलं तर सांगा, खरंच घेईन.

महालचा_मिसरा: ‘उचलली’ हा शब्द मागे घेतो. ‘रिते’चं मात्र अजून पटलेलं नाही. लगात शोधतोय, ‘सुके’ बसतं पण पोटाला शोभत नाही.

वऱ्हाडी_वाघ: ‘मोठे पोट’ करा न! पुढाऱ्याचा शेर होते.

धंतोली_ताई: वाघभाऊ, मोठे म्हणजे गागा. वृत्त मोडते.