शब्दचर्चा: ब्रोकेडच्या उलट्या बाजूला सुटा पडणारा धागा, त्याला मराठीत काय म्हणावं?

सुईदोरा, म्हापसा
माझं ब्लाउज शिवायचं दुकान आहे. बिलाच्या मागे मराठीत दोन-चार सूचना छापायच्या आहेत आणि एका शब्दावर गाडी अडली आहे. ब्रोकेडचा खण उलटा केला की एका बुट्टीपासून दुसऱ्या बुट्टीपर्यंत आडवे धागे नुसतेच पडलेले दिसतात. कपड्याच्या व्यवहारात त्याला फ्लोट म्हणतात. मराठीत ‘तरंगता धागा’ लिहिलं तर गिऱ्हाईक हसेल.

निमित्त असं झालं. लग्नाचा ब्लाउज होता, बाहीला अस्तर नको असं गिऱ्हाइकाचंच म्हणणं होतं. हातात पाटल्या, त्यावर चुडा. हात बाहीत घातला आणि आतला धागा पाटलीत अडकून ओढला गेला. वरून बाहीवर एक आडवी चुणी आली आणि तीन बुट्ट्या वाकड्या झाल्या. कापड मुळातच खराब होतं का?

अबोली
ताई, ‘लोंबते धागे’ म्हणा की. आमच्या देवळात पालखीवर घालायचं मखमली कापड आहे, त्याच्या कडेचे धागे असेच निघतात. आम्ही त्यांचे गोंडे बांधून टाकले. आता छान दिसतं.

सुईदोरा
अबोली, तुम्ही म्हणता ते कापडाच्या कडेचे दशा सुटलेले धागे. माझे कापडाच्या मधोमध आहेत आणि दोन्ही टोकांना विणलेले आहेत. गोंडा बांधायला टोकच नाही.

तळटीप
मुळात ब्रोकेड आणि जकार्ड यांत गोंधळ होतो म्हणून हा प्रश्न येतो. ब्रोकेड म्हणजे हातमागावरचं, जकार्ड म्हणजे यंत्रावरचं. हातमागाला असे धागे नसतातच. पैठणी उलटी करून बघा, काठपदर दोन्ही बाजूंनी सारखाच. खरी-खोटी ओळखायची हीच खूण आहे.

आडवाधागा, साखळी
तळटीप, पैठणीबद्दलचं तुमचं बरोबर, बाकी अर्धं.

इचलकरंजीत मी बरीच वर्षं मागाची डिझाइनं काढली, आता साखळीत असतो. जकार्ड हे मागावर बसवायच्या यंत्रणेचं नाव आहे. लियोंच्या जोझेफ मारी जाकारने 1804 च्या सुमारास ती बसवली. ताण्याचा, म्हणजे उभ्यांपैकी, कोणता धागा वर उचलायचा हे पुठ्ठ्याच्या भोकांवरून ठरतं: भोक असेल तिथला हूक धागा घेऊन वर जातो, नसेल तिथला खाली राहतो. ही यंत्रणा बनारसला हातमागावरही बसवतात. ब्रोकेड हे कापडाचं नाव: पायाची वीण वेगळी चालू राहते आणि तिच्यावर नक्षीसाठी एक जादा आडवा धागा घातला जातो. त्यामुळे जकार्डवर विणलेलं ब्रोकेड असतं, तसंच जकार्डवर विणलेलं पण ब्रोकेड नसलेलं कापडही भरपूर असतं. सोफ्याचं कापड घ्या.

आता हातमागाला असे धागे नसतात का? बनारसचे विणकर दोन शब्द वापरतात, कढवा आणि फेकवा. कढव्यात प्रत्येक बुट्टीची स्वतःची छोटी कांडी असते. धागा बुट्टीच्या कडेपर्यंत जातो, तिथेच वळतो आणि परत येतो. पलीकडे काहीच सुटं पडत नाही. फेकव्यात नक्षीचा धागा धोट्यातून कापडाच्या या काठापासून त्या काठापर्यंत फेकतात. बुट्टीपुरता तो वर दिसतो, उरलेल्या जागी मागे पडून राहतो. दोन्ही हातमागावरचेच, पण कढव्याला वेळ कितीतरी जास्त लागतो आणि किंमतही तशीच.

पैठणीचा काठ या दोन्हींत बसत नाही. तिथे जादा धागा नसतोच, रंगीत बाणा, म्हणजे आडवे धागेच, एकमेकांत अडकवत पुढे नेतात, म्हणून दोन्ही बाजू सारख्या.

सुईदोरा ताई, कापड खराब आहे का, हे मोजल्याशिवाय सांगता येणार नाही. उलट्या बाजूला पट्टी लावून दोन बुट्ट्यांमधलं अंतर सांगा. भिंग असेल तर एका सेंटिमीटरमध्ये उभे धागे किती तेही मोजा.

सुईदोरा
मोजले. बुट्टी पावणेदोन सेंटिमीटर, मधली जागा पाच. उभे धागे एका सेंटिमीटरला चाळीसच्या आसपास.

आडवाधागा
म्हणजे नक्षीचा धागा एका बुट्टीतून निघाला की दोनशे उभ्या धाग्यांखालून कुठेही न पकडता जातो आणि मग पुढच्या बुट्टीत शिरतो. पाच सेंटिमीटरची ही एक खुली फासच झाली. पाटलीची कड तिच्यात शिरायला सहज पुरते.

अडकल्यावर काय होतं ते बघा. धागा तुटत नाही, सरकतो. रेशीम किंवा पॉलिस्टरचा लांब तंतू गुळगुळीत असतो, पीळ कमी असतो, त्यामुळे त्याला धरून ठेवणारं घर्षणच थोडं. जो वाढीव धागा पाटलीवर आला, तो शेजारच्या बुट्ट्यांमधून आला. म्हणून चुणी एका जागी आणि वाकड्या झाल्या तीन बुट्ट्या. सुती धागा असता तर इतका सरकला नसता.

हा दोष विणण्यातला नाही. अस्तर लागेल असं गृहीत धरूनच हे कापड विणलेलं असतं.

मांडवीकाठ
मग विणतानाच मध्ये मध्ये पकडत का नाहीत? मागे पन्नास मिलिमीटर सुटं सोडायचं आणि शिंप्याच्या माथी अस्तर मारायचं!

आडवाधागा
मागच्या बाजूला पकडता येतं आणि काही कापडांत पकडतातही. पण जिथे पकडाल तिथे तो धागा क्षणभर एका ताण्याच्या वरून जातो, म्हणजे पुढच्या बाजूला ठिपका दिसतो. मोरपंखी जमिनीवर सोनेरी ठिपके कोणाला हवेत?

पुढच्या बाजूची गोष्ट जास्त गंमतीची आहे. नक्षी उठून का दिसते? जादा धागा पायाच्या विणीपेक्षा जाड असतो आणि लांबवर कुठेही न दबता वर पडलेला असतो. त्याखाली पायाची वीण घट्ट, म्हणून तो फुगून राहतो. त्याची लांब मोकळी लांबी प्रकाश एकाच दिशेने परत पाठवते, ती चमक. जितक्या वेळा धागा खाली दाबाल तितका उठाव कमी आणि चमक तुटक. उलट मोकळा सोडलात तर नख अडकतं. डिझाइन काढणाऱ्याचं निम्मं आयुष्य या ओढाताणीत जातं.

दीड सेंटिमीटर रुंदीची पाकळी घ्या. तुमच्या कापडात ती साठ उभ्या धाग्यांची होईल. नक्षीचा धागा साठांवरून सरळ नेला तर पंधरा मिलिमीटरचा मोकळा पट्टा पडतो, दोन दिवसांत केस उठतात. म्हणून दर दहा धाग्यांनी एकदा पकडायचं, म्हणजे सुटी लांबी अडीच मिलिमीटर. पण प्रत्येक ओळीत त्याच उभ्या धाग्याने पकडलं तर पाकळीवर उभी चर पडलेली दिसते. म्हणून पुढच्या ओळीत पकड तीन-चार धागे बाजूला सरकवतात, पकडी विखुरतात आणि डोळ्याला दिसत नाहीत.

कधी ती चर मुद्दाम पाडतात. ब्रोकेडच्या पानावर जी शीर दिसते ती बहुतेक वेळा वेगळ्या रंगाची नसते, नुसत्या पकडींची रांग असते. भिंगातून बघा.

मांडवीकाठ
पाहिलं. आईच्या शालूवर! आजवर मी ती शीर भरतकामातली समजत होतो.

तळटीप
मग विणकराला मागावर नक्षी नीट आली की नाही हे कळतं कसं? वरून तर दिसतच असेल.

आडवाधागा
बरेचदा नाही दिसत. नक्षी कापडाच्या थोड्याच भागावर असते. सुलट विणलं तर नक्षीचा धागा मागे ठेवण्यासाठी जवळजवळ सगळा ताणा उचलावा लागतो. पालथं विणलं तर फक्त बुट्टीपुरते धागे उचलले की काम भागतं. त्यामुळे पुष्कळ कापड पालथंच विणतात. विणकराच्या डोळ्यासमोर असते ती तुमची ही सुटी बाजू. काही विणकर नक्षी तपासायला मागाखाली आरसा धरतात.

अबोली
आमच्या जुन्या कुणबी कापडाला मागे काहीच सुटत नाही. आमच्याकडे साडीला कापडच म्हणतात हो, गोंधळू नका.

आडवाधागा
सुटणारच नाही. कुणबी साडीच्या चौकटी नुसत्या रंगाने होतात: ताण्यात लाल-पांढरं, बाण्यात लाल-पांढरं, वीण साधी एकावर एक. जादा धागा नाही म्हणून उठावही नाही.

सुईदोरा
आता दुरुस्ती. माझ्या कारागिराचं म्हणणं, मागचे सगळे धागे कापून टाकूया. विकत मिळणाऱ्या बऱ्याच कापडांत कापलेलेच असतात ना?

आडवाधागा
असतात. पण ती कापण्याच्या हिशेबाने विणलेली असतात, बुट्टीच्या कडेला धागा दाट पकडलेला असतो. तुमच्या बुट्टीची टोकं बारीक असतील, तिथे एका ओळीत धागा दोन-तीन ठिकाणीच अडकलेला असेल, तर कापल्यावर दोन धुण्यांत तो गळून पडेल. एका कोपऱ्यात शिवणीच्या आतल्या भागात कापून, चार मिलिमीटर ठेवून, नखाने ओढून पाहा. निघाला तर कापू नका.

ओढलेली चुणी आधी सरळ करा. वाढीव धागा कात्रीने मुळीच कापू नका. बोथट सुई घेऊन शेजारच्या बुट्टीतून थोडा थोडा धागा मागे ओढून न्या, एकदम नको. तीन बुट्ट्या हलल्या आहेत तर तिन्हींतून वाटून घ्या. नक्षीचा धागा जरीचा असेल तर मात्र आशा कमी. जरीत मधल्या दोऱ्याभोवती धातूची पातळ पट्टी गुंडाळलेली असते. ओढ बसली की पट्टीची वळणं फाकतात आणि आतला दोरा दिसू लागतो. ती वळणं पुन्हा बसत नाहीत.

मांडवीकाठ
मागे जाळी किंवा इस्त्रीने चिकटणारं फ्यूजिंग लावलं तर?

सुईदोरा
फ्यूजिंग मी लावत नाही. मे महिन्यात गोव्यात त्या बाहीत माणूस शिजतो, आणि इस्त्रीच्या उष्णतेने जरीचा धागा काळवंडेल अशी धास्ती. जाळीतून पाटलीची कड तरीही आत जाते. मलमलचं अस्तर, तेही काखेपासून मनगटापर्यंत पूर्ण.

आडवाधागा
मी फ्यूजिंगच्या इतका विरोधात नाही, पण तुमच्या गिऱ्हाइकाला घाम येणार, तुम्हालाच माहीत.

तळटीप
मूळ प्रश्न राहिलाच. माझं मत ‘सुटा धागा’. ‘लांब टाका’ नको, तो शिवणीचा शब्द.

आडवाधागा
मागावर आम्ही सरळ फ्लोटच म्हणायचो. ‘सुटा’ म्हटलं की टोक सुटल्यासारखं वाटतं, अबोलीताईंना वाटलं तसं. मला ‘मोकळा पट्टा’ बरा वाटतो, कारण अडकतं ते दोन पकडींमधलं अंतर.

सुईदोरा
बिलावर असं छापते: ‘ब्रोकेडच्या आतल्या बाजूला बुट्ट्यांच्या मध्ये धागे मोकळे असतात. बाहीला अस्तर लावणं गरजेचं. धागा ओढला गेल्यास कापू नये, दुकानात आणावा.’

अबोली
‘मोकळे’ म्हटलं तर लोक म्हणतील, मग दुकानदाराने बांधले का नाहीत?