मदत हवी आहे: तिरप्या रेषेवरची उष्णता कशी धरायची?

लातूरला बी.एस्सी. करतोय. फोटोतली आकृती बघा: एकआण्विक आदर्श वायू, आकारमान लिटरमध्ये, दाब बारमध्ये. अ (१, १), ब (१, ३), क (३, १), चक्र अ-ब-क-अ.

कार्य म्हणजे त्रिकोणाचं क्षेत्रफळ, २०० ज्यूल. त्यात वाद नाही. अ-ब वर ३०० ज्यूल आत येतात. ब आणि क ला तापमान सारखंच, म्हणून नोट्समध्ये ब-क ची उष्णता सरळ ४०० धरून कार्यक्षमता २८.६ टक्के काढलीय. मला हे पटत नाही. तुकड्यातुकड्यानं काढलं तर २.५ लिटरपर्यंत ४५० आत येतात आणि पुढे ५० बाहेर जातात. मग भाजकात ७५० येतात, कार्यक्षमता २६.७ टक्के.

भाजकात ७०० की ७५०? आणि उष्णतेचं चिन्ह बदलतं तिथं रुद्धोष्म वक्र त्या रेषेला स्पर्श करतो, बरोबर ना? कुणीतरी तपासून सांगा, प्लीज.