चर्चा: पोट फुगतंय? ब्रेथ टेस्ट करा, १४ दिवसांचा कोर्स घ्या. एवढं सोपं आहे?

सपाट_पोट_पुणे
चार वर्षं जेवलं की पोट फुगायचं, आयबीएस, म्हणजे आतड्याची जुनीच कुरबुर, आहे म्हणून सगळे झटकून टाकायचे. शेवटी स्वतःच लॅबमध्ये जाऊन लॅक्टुलोज ब्रेथ टेस्ट केली, सिबो पॉझिटिव्ह, म्हणजे लहान आतड्यात जंतू नको तेवढे वाढलेले! रिफॅक्सिमिन ५५० दिवसातून तीनदा, १४ दिवस, पोट सपाट. माझं म्हणणं, ज्याचं ज्याचं पोट फुगतं त्याने ही टेस्ट करून कोर्स घ्यावा. डॉक्टर मुद्दाम सांगत नाहीत. कुणाचं वेगळं मत?

फुंकर_मुंबई
आहे वेगळं मत, आणि लांबच लिहिणार आहे, कारण असली पोस्ट वाचून लोक थेट आमच्याकडे येतात आणि "मॅडम फक्त पॉझिटिव्ह आहे का तेवढं सांगा" म्हणतात. मी एका हॉस्पिटलात हीच टेस्ट करते, रोज. तुमचे आकडे टाका आधी. नुसतं पॉझिटिव्ह म्हणजे काय ते आकड्यांशिवाय कळत नाही. जंतू साखर खाऊन हायड्रोजन करतात, तो श्वासात येतो, तर किती मिनिटाला हायड्रोजन किती होता, आणि आदल्या दिवशी काय खाल्लं होतं?

सपाट_पोट_पुणे
लपवायचं काय त्यात. उपाशीपोटी ४, मग २० मिनिटांनी ५, ४० ला ६, ६० ला ९, ८० ला ३१, १०० ला ५८. रिपोर्टवर लिहिलंय ९० मिनिटांच्या आत २० पेक्षा जास्त वाढ म्हणून सिबो. आदल्या दिवशी त्यांनी सांगितल्याप्रमाणे नुसता पांढरा भात आणि अंडं.

फुंकर_मुंबई
तयारी चांगली केलीत, उपाशीपोटीचं ४ आहे म्हणजे रीडिंग स्वच्छ आहे. रात्री छोले-राजमा हाणून आलेल्यांचं पहिलंच रीडिंग २०-२५ येतं आणि मग पुढच्या आकड्यांना काही अर्थ राहत नाही.

पण बाकीचे आकडे नीट बघा. पूर्ण तासभर काहीच नाही आणि मग ८० मिनिटाला एकदम उडी. लॅक्टुलोज आपल्याला पचत नाही, ते सगळंच्या सगळं शेवटी मोठ्या आतड्यात जातं, आणि तिथे जंतू असणारच, ते असायलाच पाहिजेत. तिथे पोचलं की गॅस होणार, तुमच्या पोटात, माझ्या पोटात, सगळ्यांच्याच. मग ८० मिनिटाची उडी लहान आतड्यातल्या जंतूंची की लॅक्टुलोज मोठ्या आतड्यात पोचल्याची? आपल्याकडे बऱ्याच लोकांचं ते तासा-सव्वातासातच पोचतं. ९० मिनिटांची रेघ २०१७ मध्ये अमेरिकेतल्या तज्ज्ञांनी बसून ठरवली आणि आपल्याकडच्या लॅबनी ती जशीच्या तशी रिपोर्टवर छापली. २०११ मध्ये कॅनडात आयबीएसच्या पेशंटना लॅक्टुलोजबरोबर किरणोत्सारी पदार्थ पाजून कॅमेऱ्याने बघितलं होतं की हायड्रोजन चढतो तेव्हा माल कुठे असतो. बहुतेकांमध्ये तोवर तो मोठ्या आतड्याच्या सुरुवातीला पोचलेला होता. म्हणजे टेस्ट वेळ मोजत होती, जंतू नाही.

तुमच्या जागी मी ७५ ग्रॅम ग्लुकोज देऊन परत केली असती. ग्लुकोज सुरुवातीच्या आतड्यातच शोषून घेतलं जातं, मोठ्या आतड्यात सहसा पोचत नाही. त्यावर अर्ध्या-पाऊण तासात हायड्रोजन चढला असता तर मी तुमच्या बाजूने बोलले असते. त्यातही मेख आहेच, जंतू आतड्याच्या खालच्या भागात असले तर ग्लुकोज तिथवर जातच नाही आणि टेस्ट निगेटिव्ह येते.

सपाट_पोट_पुणे
मग मी बरा कसा झालो? हवेने?

फुंकर_मुंबई
गोळीनेही झाला असाल, पण तेवढ्याने सिबो होता हे ठरत नाही. रिफॅक्सिमिन रक्तात जवळजवळ जातच नाही, आतड्यातूनच पुढे मोठ्या आतड्यापर्यंत जातं, तिथेही थोडंफार काम करत असेल. आणि २०११ च्या मोठ्या ट्रायल्स बघा, बद्धकोष्ठ नसलेल्या आयबीएसवाल्यांना हाच डोस १४ दिवस दिला होता. औषध घेणाऱ्यांपैकी साधारण ४१ टक्क्यांना आराम पडला आणि नुसती खोटी गोळी घेणाऱ्यांपैकी ३२ टक्क्यांना. फरक खरा आहे, पण केवढा आहे ते बघा. आणि त्यात कुणाची ब्रेथ टेस्ट करून निवड केलेली नव्हती.

पित्तनाशक_काका
माझी पण फुंकायची टेस्ट झालीय गेल्या वर्षी, कॅप्सूल घेऊन पिशवीत फुंकायचं होतं, पॉझिटिव्ह आली आणि मला तर तीन-चार औषधांचा एकत्र कोर्स दिला. एकट्या रिफॅक्सिमिनने कसं भागलं तुमचं?

फुंकर_मुंबई
काका ती वेगळी टेस्ट. ती जठरातल्या पायलोरी नावाच्या जंतूची, युरिया वापरून करतात. दोन्हीत फुंकायचंच असतं म्हणून गोंधळ होतो. तो कोर्स इथे कुणी घेऊ नका.

मेडिकलवाले_आप्पा
पंचवीस वर्षं मेडिकल चालवतोय, मूळ कारण कुणीच बोलत नाही म्हणून बोलतो. पॅन-डी! सकाळी उठल्या उठल्या चहाच्या आधी पॅन-डी, वर्षानुवर्षं, कुणी लिहून दिली होती तेही आठवत नाही. जठरातलं अ‍ॅसिड जंतूंना मारतं, ते अ‍ॅसिड तुम्ही गोळीने बंद केलं, मग जंतू खाली जाऊन घर करणारच. ज्यांचं पोट फुगतं त्यांनी आजपासून ती गोळी बंद करा, ना टेस्ट लागणार ना रिफॅक्सिमिन.

वडाळा_१९८७
आप्पा, "आजपासून बंद करा" असं कुणालाही लिहू नका, हात जोडून सांगतो. माझ्या वडिलांना स्टेंट बसवलेला, रक्त पातळ करायच्या दोन गोळ्या चालू, त्यांच्या जठराला संरक्षण म्हणून ती अ‍ॅसिडची गोळी होती. त्यांच्या एका मित्राने असंच सांगितलं, त्यांनी बंद केली, आम्हाला पत्ताच नाही. काही आठवड्यांनी काळी शौच, चक्कर येऊन बाथरूममध्ये पडले, रक्ताच्या बाटल्या चढवाव्या लागल्या.

मेडिकलवाले_आप्पा
वाईट वाटलं वाचून. पण मी स्टेंटवाल्यांबद्दल बोलतच नव्हतो.

वडाळा_१९८७
तुम्ही "ज्यांचं पोट फुगतं त्यांनी" असं लिहिलंय. त्यात माझे वडील येतात. त्यांचंही पोट फुगायचं.

मेडिकलवाले_आप्पा
बरं बाबा, स्टेंटवाले सोडून. पण बाकी शंभरातले नव्वद लोक उगाच खातात हे मी काउंटरवर डोळ्यांनी बघतो, ते कुणी खोडून दाखवावं.

फुंकर_मुंबई
उगाच खातात हे मलाही मान्य. तुमच्या बाजूचा एक मुद्दा मीच देते. इटलीत रिफॅक्सिमिनने बरे झालेल्यांवर पुढे लक्ष ठेवलं होतं, २००८ चा अभ्यास. ३ महिन्यांत साधारण १३ टक्क्यांना परत झालं, ६ महिन्यांत २८, आणि ९ महिन्यांत ४४ टक्क्यांना. परत कुणाला होतं हे बघितलं तर वय जास्त असलेले, अपेंडिक्स काढलेले, आणि तुमच्या या गोळ्या सतत घेणारे.

पण एकदम बंद करणं वेगळं. डेन्मार्कमध्ये अ‍ॅसिडिटीचा काहीच त्रास नसलेल्या लोकांना ८ आठवडे गोळी देऊन बंद केली, तर ४४ टक्के लोकांना नंतर जळजळ सुरू झाली. ज्यांना खोटी गोळी दिली होती त्यांच्यात १५ टक्के. म्हणजे बंद केल्यावरची जळजळ बऱ्याचदा गोळीनेच ओढवलेली असते, आणि माणूस घाबरून परत पॅन-डी मागायला तुमच्याच दुकानात येतो. ज्याला नको आहे त्याने डॉक्टरांशी बोलून हळूहळू कमी करावी.

मेडिकलवाले_आप्पा
म्हणजे कारण तेच आहे, फक्त हळू बंद करा. हेच तर मी म्हणत होतो.

शेवंती_कोल्हापूर
तुम्ही सगळे गोळीवर अडकलात म्हणून लिहिते. माझ्या आईला गोळीबिळी काही नव्हती. जेवलं की पोट नगाऱ्यासारखं, गुडगुड आवाज बाहेरून ऐकू यायचा, पातळ शौच, वजन उतरत चाललेलं. ग्लुकोजची टेस्ट पॉझिटिव्ह आली, रिफॅक्सिमिन दिलं आणि आठवड्यात आई चक्क आमटी-भात जेवायला लागली. महिना-दीड महिना छान. मग परत तेच, परत कोर्स, परत बरं. प्रत्येक वेळी बरं राहायचे दिवस कमी होत गेले. आम्हाला वाटायचं औषध तर लागू पडतंय ना, मग देत राहू.

शेवटी एका डॉक्टरांनी जुने कागद मागितले. रक्तात बी-१२ तळाला आणि फोलेट मात्र वरच्या मर्यादेच्याही वर, फोलिक अ‍ॅसिडची गोळी चालू नसताना. ते म्हणाले, जंतू बी-१२ खातात आणि फोलेट तयार करतात, ही जोडी दिसली की मला संशय येतो. मग विचारलं, कधी टीबी झाला होता का? झाला होता, पोटाचाच, माझ्या लहानपणी, पूर्ण औषधं घेऊन बरा झालेला. सीटीमध्ये लहान आतड्याच्या शेवटाकडे टीबीच्या जुन्या व्रणाने आवळलेला एक भाग दिसला, आणि त्याच्या वरचं आतडं फुगून अन्नाने तुंबलेलं. तिथे अन्न साचत होतं, म्हणून जंतू वाढत होते. अँटिबायोटिकने जंतू मरायचे, आवळलेलं आतडं तसंच. तो तुकडा काढल्यावर पोट फुगणं गेलं. बी-१२ चं इंजेक्शन मात्र कायम घ्यावं लागणार, कारण जिथे ते शोषलं जातं तोच भाग गेला.

फुंकर_मुंबई
शेवंतीताई, आमच्याकडे येणाऱ्यांना मी हेच विचारायला लागले आहे. पोटाचं ऑपरेशन, टीबी, जुना डायबेटिस, स्क्लेरोडर्मा, अफूच्या वर्गातल्या वेदनाशामक गोळ्या. रिकाम्या पोटी दर दीड-दोन तासांनी आतड्यातून झाडू मारल्यासारखी एक लाट जाते, ती मंदावली किंवा वाटेत अडथळा आला की जंतू साचतात. आवळलेलं आतडं कापता तरी येतं. डायबेटिसने मंदावलेली लाट पूर्ववत करणारं खात्रीचं औषध नाही, तिथे कोर्स परत परत द्यावे लागतात आणि ते कुणालाच आवडत नाही, डॉक्टरांनाही नाही. आणि वजन उतरत असेल, रक्त कमी असेल, रात्री शौचाला उठावं लागत असेल तर ब्रेथ टेस्ट ही पहिली तपासणी नव्हेच.

सपाट_पोट_पुणे
मला यातलं काहीच नाही. ना टीबी ना डायबेटिस ना ऑपरेशन. वजन उलट वाढलंय. म्हणजे माझा सिबो खोटा, असंच ना?

फुंकर_मुंबई
खोटा म्हणत नाही, सिद्ध झालेला नाही म्हणते. तुम्हाला बरं वाटतंय ते चांगलंच आहे. पण "प्रत्येकाने घ्यावा" हे तुमच्या एका ग्राफवरून निघत नाही. आणि परत पोट फुगलं तर दुकानातून स्वतःच दुसरा कोर्स आणू नका, आधी दूध बंद करून बघा. आपल्याकडे दूध न पचणारे पुष्कळ, आणि त्यांचंही पोट असंच फुगतं.

सपाट_पोट_पुणे
दूध मी त्या १४ दिवसांत तसंही बंद केलं होतं, लॅबवाल्याने सांगितलं होतं म्हणून.

वडाळा_१९८७
हे पहिल्या पोस्टमध्ये लिहायचं होतं!!

सपाट_पोट_पुणे
लिहायला काय, सुचलं नाही. तरी दुधामुळेच झालं असेल असं मी मानणार नाही, आधीही बंद करून बघितलं होतं, आठवडाभर, तेव्हा फरक नव्हता पडला. ग्लुकोजची टेस्ट करायला हरकत नाही, पण आत्ता करून काय उपयोग, कोर्स झालाय.

फुंकर_मुंबई
कोर्स संपून ४ आठवडे जाऊ द्या. त्रास परत आला तरच करा. आणि करायची झालीच तर मशीन मिथेनही मोजतं का ते विचारून जा. काही जणांच्या पोटातले सूक्ष्मजीव हायड्रोजन खाऊन मिथेन करतात, त्यांचा हायड्रोजन शेवटपर्यंत सपाट दिसतो आणि घरी निगेटिव्ह रिपोर्ट घेऊन जातात. त्यांना बहुधा जुलाब नाही, बद्धकोष्ठ असतं.

पित्तनाशक_काका
बद्धकोष्ठ मला आहे. मग मी कुठली टेस्ट करायची, पिशवीवाली की मशीनवाली?

मेडिकलवाले_आप्पा
काका, पॅन-डी चालू आहे का ते आधी सांगा.