डिलिव्हरीनंतरचं पोट आणि सासरचे टोमणे – तुमचे अनुभव सांगा

रानजाई: माझी लेक पाच महिन्यांची आहे. नॉर्मल डिलिव्हरी, वजन आधीपेक्षा चारच किलो जास्त, पण पोट अजून पुढे आलेलं. सव्वा महिना साबांनीच डिंकाचे लाडू, अळिवाची खीर, तूप-भात वाढला, नको म्हटलं की दूध कमी पडेल म्हणून दम द्यायच्या. आणि परवा चुलत नणंदेच्या लग्नासाठी साड्या काढल्या तर सगळ्यांसमोर म्हणाल्या, "ही नको नेसूस, पोट दिसतं त्यात, आम्ही पोट बांधलं म्हणून राहिलो नीट, तुला पट्टा टोचायचा." मी साडीची घडी केली, कपाटात ठेवली आणि बाळाला घेऊन आत जाऊन रडले. तुमच्याकडे असं झालंय का, काय उत्तर दिलंत?

सुमनकाकू: मी स्वतः दोन सुनांची सासू आहे. चारचौघांत बोलायला नको होतं, हे मान्य. पण पट्ट्याचं त्या बरोबर बोलतायत हो. आम्ही जुनी सुती साडी फाडून चाळीस दिवस पोट बांधायचो, त्यानेच गर्भाशय जागेवर बसतं आणि पोट सुटत नाही.

नेहा_पुणे: रात्रीचं जेवण बंद कर आणि रोज शंभर क्रंचेस मार, माझं सहा महिन्यांत नऊ किलो उतरलं!

रानजाई: अगं मी अंगावर पाजतेय, आणि वजन कसं कमी करू हे विचारलंच नाहीये मी.

कृष्णाकाठ: मी फिजिओथेरपिस्ट आहे, बाळंतिणी रोज येतात माझ्याकडे. काकू, गर्भाशय पट्ट्याने नाही बसत, ते आपलं आपण साधारण सहा आठवड्यांत आकसतं. पट्ट्याने उठता-बसता कंबरेला आधार वाटतो, तेवढं खरं, पण फार आवळला तर सगळा जोर खाली येतो आणि मग शिंकताना लघवी सुटते म्हणून बायका येतात.

रानजाई, तू एक करून बघ. पाठीवर झोप, गुडघे दुमड, बोटं बेंबीच्या जरा वर आडवी ठेव आणि डोकं नि खांदे थोडे उचल. मधे मऊ खड्डा लागेल, तो दोन बोटांपेक्षा रुंद असेल किंवा मधोमध उभा उंचवटा वर येत असेल तर पोटाच्या दोन उभ्या स्नायूंमधली पट्टी ताणली गेलीय. पोटात बाळ वाढताना ती ताणली जातेच, बऱ्याच जणींची पहिल्या दोन महिन्यांत आपोआप पुष्कळ भरून येते, काहींची राहते. ही चरबी नाही, त्यामुळे उपाशी राहून जाणार नाही, आणि क्रंचेस आत्ता नकोच, उंचवटा येत असेल तर त्याने अजून ताण पडतो. कुशीवर वळून उठायचं, श्वास सोडताना बेंबीखालचं पोट हळूच आत घ्यायचं, इथून सुरुवात. फट पूर्ण मिटेलच असं मी कुणाला सांगत नाही, पण ताकद येते. बेंबीपाशी गाठ येऊन दुखत असेल तर मात्र सर्जनला दाखव, हर्निया असू शकतो.

अबोली२२: माझ्याकडे उलटं होतं, मी बारीक. "लोक म्हणतील आम्ही उपाशी ठेवतो" असं साबा येणाऱ्याजाणाऱ्याला सांगायच्या. शेवटी नवऱ्याला म्हटलं, तुझी आई आहे, तू बोल. तो एकट्यात बोलला, "आई, तिच्या अंगाबद्दल कुणासमोर बोलायचं नाही." पंधरा दिवस अबोला होता घरात, पण ते वाक्य परत नाही आलं.

तेजश्री_म: सगळीकडे नाही चालत हे गं. माझा नवरा बोलला तर "हिने कान भरले" हेच झालं. आता मी त्याच क्षणी म्हणते, "आई, मला हे लागतं, नका बोलू," आणि तिथून उठते. कधी थांबतात, कधी नाही.

रानजाई: काल करून बघितलं, तीन बोटं आत गेली. साबा बाळाला तेल लावत होत्या, त्यांना बोलावून त्यांचाच हात माझ्या पोटावर ठेवला आणि म्हटलं, "आई, हे तुपाचं नाहीये, इथे फट आहे, डॉक्टरांना दाखवणारे मी." तेलकट बोटांनी दोनदा चाचपून बघितलं त्यांनी. मग पदराआडून स्वतःच्या पोटावर हात फिरवला आणि म्हणाल्या, "माझी कंबर बत्तीस वर्षं दुखतेय." सॉरी वगैरे नाही म्हणाल्या, साडीचा विषयही नाही निघाला. कृष्णाकाठताई, इतक्या वर्षांनी त्यांना काही फरक पडेल का? फिजिओची अपॉइंटमेंट शनिवारची आहे, त्यांनाही घेऊन जाऊ का?