पहिली ऑर्डर यायच्या आधी लिस्टिंग पूर्ण कशी करावी? (कॉटनच्या भाजीच्या पिशव्या, स्वतःचा ब्रँड)

कळव्याची_मानसी
नमस्कार मंडळी, भिवंडीच्या एका कारखान्यातून फ्रीजमध्ये भाजी ठेवायच्या कॉटनच्या पिशव्या शिवून घेतल्यात, आपल्या ब्रँडचं लेबल लावून अ‍ॅमेझॉनवर विकायच्या आहेत. ६ चा सेट आणि १२ चा सेट. बारकोड एका वेबसाइटवरून स्वस्तात घेतले, स्टिकरही छापून आणले ५००, आणि आता लिस्टिंग भरायला बसले तर 8572 एरर येतोय. फोटो अजून काढायचेत, दिवाळीच्या आधी लाइव्ह करायचंय. काय चुकतंय आणि पुढे कुठल्या क्रमाने करू?

ऐरोलीचा_बंड्या
ताई एवढं टेन्शन कशाला, जीटीआयएन एक्झेम्प्शन टाक, बारकोड लागतच नाही, फुकटात काम. मी तसंच केलंय.

तुर्भे_गोदाम
बंड्या अर्धं बरोबर बोलतोय. एक्झेम्प्शन मिळतं, पण ब्रँड आणि कॅटेगरी या जोडीला मिळतं, आणि अर्ज करताना पॅकचे खरे फोटो लागतात ज्यावर नाव छापलेलं किंवा शिवलेलं दिसलं पाहिजे, वरून चिकटवलेला कागद बहुतेक वेळा परत येतो. दुसरं म्हणजे अर्जात जे स्पेलिंग तेच लिस्टिंगमध्ये. माझ्या एका ओळखीच्याचं दोन शब्दांचं नाव होतं, लेबलवर तोडून, अर्जात जोडून, मग ब्रँडचं नाव मंजूर नसल्याचा 5665 एरर येत राहिला आणि तो आठवडाभर कॅटेगरीच बदलत बसला.

मानसीताई, 8572 म्हणजे तुमचे आकडे जीएस१ च्या, म्हणजे बारकोड नंबर देणाऱ्या संस्थेच्या, नोंदीशी जुळत नाहीत. जीएस१ च्या साइटवर व्हेरिफाइडची सोय आहे, तिथे तुमचा नंबर टाका. कंपनीच्या जागी दुसऱ्याचं नाव आलं तर ते कोड तुमचे नाहीतच, कुणीतरी पूर्वी घेतलेले पुढे विकलेत. शेवटचा चेक डिजिट बरोबर असतो, स्कॅनर टुणकन वाजतो, म्हणून माणूस फसतो. 8901234567890 पण गणिताने बरोबर बसतो, म्हणून काय तो आपला होतो का!

कळव्याची_मानसी
टाकला नंबर. कुठल्यातरी परदेशी कंपनीचं नाव आलं 😭 पण सुरुवातीला 890 आहे का ते बघायचं ना, माझे तर 7 ने सुरू होतात.

तुर्भे_गोदाम
890 चा अर्थ एवढाच की नंबर जीएस१ इंडियाने दिलाय, माल भारतात बनलाय असं नाही. तुम्ही त्यांच्याकडूनच घ्या किंवा एक्झेम्प्शन घ्या. आणि ६ च्या सेटला एक, १२ च्या सेटला वेगळा कोड. दोन सहा-सहाची पाकिटं एकत्र बांधून बारा करणार असाल तर आतल्या पाकिटांचा बारकोड बाहेरून दिसता कामा नये, गोदामात तोच स्कॅन होतो आणि बारा मागवणाऱ्याला सहा जातात.

डोंबिवली_लोणचेवाली
मला पण हाच त्रास, माझं फूड आहे, एफएसएसएआय नंबर लेबलवर नाही म्हणून अडकलंय. कुरिअर कोण चांगलं आहे कोणी सांगा ना, काचेच्या बरण्या फुटतात.

ऐरोलीचा_बंड्या
कुरिअरचं वेगळा धागा काढा ओ.

खारघर_फोटोवाला
स्टिकर आता नव्याने छापायचेच आहेत तर फोटो त्यानंतरच काढा. नाहीतर जुन्या लेबलचा फोटो आणि नवीन पॅक, दोन्ही वेगळे दिसणार. लेबलवर एमआरपी, नग, पिशवीचं माप, बनवणाऱ्याचा किंवा पॅकरचा पत्ता, महिना-वर्ष, कस्टमर केअर, आणि लिस्टिंगमध्येही एमआरपी, कंट्री ऑफ ओरिजिन, पत्ता हे सगळं लेबलशी शब्दन् शब्द जुळलं पाहिजे.

आता खरी गोची, कॉटन ऑफव्हाइट आणि मेन फोटोला पांढरंशुभ्र बॅकग्राउंड, २५५-२५५-२५५. माझ्याकडे अशाच पिशव्या आल्या होत्या, पहिल्या फोटोत कडाच गायब, नुसती दोरी हवेत लोंबकळतेय असं दिसत होतं! दोन्ही बाजूंना काळे कार्डबोर्ड उभे केले, फ्रेमच्या बाहेर, मग कडेला बारीक करडी रेघ आली आणि पिशवी उठून दिसली. माल फ्रेमचा ८५ टक्के भाग व्यापेल असं बसवा, आणि झूमसाठी लांब बाजू किमान १००० पिक्सेल.

कळव्याची_मानसी
आत मेथी, टोमॅटो भरून काढला तर चालेल का? रिकामी पिशवी मरगळलेली दिसते.

खारघर_फोटोवाला
मेन फोटोत नको, जे विकत नाही ते दिसता कामा नये. दुसऱ्या-तिसऱ्या फोटोत बिनधास्त भरा.

ऐरोलीचा_बंड्या
पण मी तर कितीतरी जणांच्या मेन फोटोत भाजी बघितलीये, चालतंय की.

तुर्भे_गोदाम
चालतंय तोवर चालतं, लिस्टिंग सप्रेस झालं, म्हणजे सर्चमधून गायब झालं, की ते ऐन सीझनला झालेलं असतं. माझं मत विचाराल तर मेन फोटोत भाजी नको. ताई, लिस्टिंग बनवा पण स्टॉक शून्य ठेवा, मोबाइलवर स्वतः उघडून बघा, ६ आणि १२ चं बटण दाबल्यावर फोटो आणि किंमत बदलते का. सर्च टर्म्समध्ये मराठी टाकणार असाल तर लक्षात ठेवा, मर्यादा बाइटमध्ये मोजतात आणि आपलं एकेक अक्षर तीन बाइट खातं, काना-मात्रा वेगळ्या.

कळव्याची_मानसी
आज ब्रँडचं स्पेलिंग लेबलवर आणि ट्रेडमार्कच्या अर्जावर ताडून बघितलं, अर्जात एक एच जास्त आहे. वकिलांना फोन लावतेय. ५०० स्टिकरचं काय करू, वरून नवीन चिकटवलं तर चालेल का?

तुर्भे_गोदाम
बारकोडवर? पूर्ण झाकला गेला तर चालेल, पण एमआरपीवर स्टिकर चढवू नका. त्यातलं सगळं मलाही नीट माहीत नाही, सीएला विचारा.