व्हिडिओ आहे, तरी विक्रेता पैसे देत नाही

इंदिरानगरकर: ऑनलाइन मागवलेल्या ६,४०० रुपयांच्या शेगडीची काच खोक्यातच फुटलेली निघाली. उघडतानाचा व्हिडिओ केला होता. विक्रेता म्हणतो, पार्सलवरचा नंबर वाचता येत नाही आणि व्हिडिओ दोन तुकड्यांत आहे, म्हणून पैसे मिळणार नाहीत. मग या व्हिडिओला काही किंमत आहे का?

सिडकोतली ताई: कायद्यानेच आता व्हिडिओ सक्तीचा केलाय. सलग नसेल तर दावा गेला म्हणून समजा.

ग्राहक-वकील: ताई, तशी सक्ती कायद्यात कुठेच नाही, ती विक्रेत्यांनी स्वतःच्या अटींत घातलेली असते. २०२० च्या ई-कॉमर्स नियमांनुसार सदोष माल परत घ्यायला आणि पैसे परत द्यायला विक्रेता नकार देऊ शकत नाही. व्हिडिओ हा पुरावा आहे, पात्रतेची अट नव्हे. मात्र तो नेमकं काय सिद्ध करतो ते बघावं लागतं. हेच खोकं तुमच्याकडे आलं आणि त्यातून हीच वस्तू निघाली, एवढा दुवा त्यात दिसला पाहिजे. लेबल आणि वस्तू एकाच सलग चित्रणात असतात तेव्हा तो दुवा पक्का होतो. इंदिरानगरकर, तुम्ही मध्ये थांबलात का?

इंदिरानगरकर: हो, कात्री आणायला. साधारण चाळीस सेकंद.

पंचवटीकर: तिथेच अडतं, दादा. मी तांब्या-पितळेची भांडी पाठवतो. एका गिऱ्हाइकाने घागर परत केली, मी उघडली तर आत भलतीच, जुनी, पोचे आलेली. तेव्हापासून परत आलेलं प्रत्येक पार्सल मी टेबलावर कॅमेरा लावूनच उघडतो आणि गिऱ्हाइकाकडूनही तेवढीच अपेक्षा ठेवतो. चाळीस सेकंदांत काय झालं ते मला कसं कळणार? नुकसान शेवटी माझ्याच खिशातून जातं.

देवळालीकर: माझंही असंच झालं. बहिणीला पुण्याला काचेचे ग्लास कुरिअरने पाठवले, सगळे फुटले. तिने व्हिडिओ केला तरी कुरिअरवाल्याने पावतीवरच्या अटीकडे बोट दाखवून शंभर रुपये हातावर टेकवले.

ग्राहक-वकील: तुमची गोष्ट वेगळी आहे, काका. तिथे कुरिअरशी करार तुमचा होता. सही केलेल्या पावतीवर भरपाईची मर्यादा लिहिलेली असेल, तर १९९६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती ग्राह्य धरली आहे. इथे कुरिअर विक्रेत्याने नेमलाय. त्यामुळे इंदिरानगरकरांनी कुरिअरच्या मागे धावायचं नाही, विक्रेत्याकडेच मागायचं. कुरिअरशी विक्रेता पाहून घेईल.

सातपूरचा पॅकिंगवाला: मी वीस वर्षं पॅकिंग करतोय. शेगडीची काच टफन्ड असते. ती फुटली की नुसता तडा जात नाही, तिचे बारीक खडे होतात. वाटेत फुटली असेल तर ते खडे थर्माकोलच्या खाचांत आणि खोक्याच्या तळाशी उतरतात, आणि बंद खोकं हलवलं की खळखळ ऐकू येते. म्हणून टेप कापण्याआधी खोकं कॅमेऱ्यासमोर एकदा तिरकं करावं आणि आवाज रेकॉर्ड होऊ द्यावा. घरात उघडताना फुटली तर खडे वर पडतील, थर्माकोलखाली एवढे जाणार नाहीत. तुमच्या दुसऱ्या तुकड्यात थर्माकोल उचललेला दिसतो का?

इंदिरानगरकर: दिसतो, खाली खड्यांचा थर आहे. पहिल्या तुकड्यात खोकं टेबलावर ठेवतानाची खळखळही ऐकू येते. टेप तेव्हा अखंड होती.

पंचवटीकर: हे मी विक्रेता म्हणूनही मान्य करीन. फक्त नंबर दिसायला हवा.

ग्राहक-वकील: विक्रेत्याला व्हिडिओ कसा पाठवलात?

इंदिरानगरकर: व्हॉट्सॲपवर, नेहमीसारखा.

ग्राहक-वकील: मग फोनमधली मूळ फाइल उघडा आणि लेबलवर थांबवून पाहा. तसा पाठवलेला व्हिडिओ दाबला जातो, बारीक आकडे पुसट होतात. मूळ फाइल ट्रिम करू नका, पुसू नका. आता पाठवाल ती डॉक्युमेंट म्हणून किंवा मेलने पाठवा.

इंदिरानगरकर: पाहिलं. मूळ फाइलमध्ये नंबर पूर्ण वाचता येतो! ऑर्डरच्या मेसेजमधल्याशी जुळतोही.

ग्राहक-वकील: उत्तम. हे सगळं लिहून विक्रेत्याच्या तक्रार अधिकाऱ्याला मेल करा. त्याने ४८ तासांत पोच द्यायची आणि महिन्याभरात निकाल लावायचा असतो. नाहीच झालं तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनला १९१५ वर फोन, आणि शेवटी नाशिकचा जिल्हा ग्राहक आयोग. तुम्ही राहता तिथेच तक्रार करता येते, आणि एवढ्या रकमेला शुल्क लागत नाही.

सिडकोतली ताई: पण डिलिव्हरीवाल्याच्या ॲपवर सही करताना "चांगल्या स्थितीत मिळालं" असं असतं ना? ते आड येणार नाही?

ग्राहक-वकील: वाद होऊ शकतो. सही बंद खोक्याबद्दल होती, असं मी म्हणेन.

पंचवटीकर: आणि मी उलट म्हणेन. खोक्याचा कोपरा चेपलेला असेल तर तो सही करतानाच दिसतो, तिथेच शेरा लिहायला हवा होता.

इंदिरानगरकर: कोपरा चेपलेला नव्हता. बाहेरून खोकं धड होतं.

सातपूरचा पॅकिंगवाला: मग आत काच धरून ठेवणारा थर्माकोल कमी पडला असावा. तो फेकू नका. वरचा, खालचा, दोन्ही तुकडे खोक्यासकट ठेवा.