बिलावरची अक्षरी रक्कम : दोन याद्या आणि भागाकार पुरतात का?

दोनओळी
बिलावर ‘अक्षरी रुपये’ छापायला लोक पाचपाचशे ओळींच्या लायब्रऱ्या का ओढून आणतात, मला कळत नाही. एककांची एक यादी, दशकांची एक यादी, पायथनचे `//` आणि `%`. झालं. मराठीत करायचं म्हटलं तर सगळे शंभर शब्दांचा तक्ता टंकत बसतात! त्याची काही गरज नाही, दशक आणि एकक जोडा. पैशांसाठी `int(rakkam*100) % 100`. अर्ध्या तासाचं काम आहे, उगाच बाऊ करू नका.

टंकलेखक
हे वाचून गप्प बसवेना. बिलांची कामं मी रोज करतो. तुमच्या त्या तीन वाक्यांतली दोन चुकीची आहेत, आणि ती चूक गिऱ्हाइकाच्या हातातल्या कागदावर छापून येते.

आधी जे बरोबर आहे ते. भागाकाराचा सांगाडा खरंच लहान आहे. १,०५,००,२६३ घ्या. कोटीने भागलं की १, उरले ५,००,२६३. लाखाने भागलं की ५, उरले २६३. हजाराने भागलं की शून्य, म्हणून तिथे काहीच लिहायचं नाही, नाहीतर ‘शून्य हजार’ छापलं जातं. शंभराने भागलं की २, उरले ६३. ‘एक कोटी पाच लाख दोनशे’ इथपर्यंत कुणाचंच अडत नाही.

अडतं ते ६३ पाशी. तुमच्या दोन याद्या जोडल्या तर ‘साठ तीन’ येतं. लोक म्हणतात त्रेसष्ट. इंग्रजीत वीसपर्यंतचे शब्द आणि पुढचे दशक एवढ्यावर भागतं, कारण तिथे दोन शब्द नुसते शेजारी ठेवायचे असतात. मराठीत ५९ म्हणजे एकोणसाठ, तो साठाकडून मोजायचा. पण ९९ मात्र नव्याण्णव. ४३ त्रेचाळीस, ५३ त्रेपन्न, ६३ त्रेसष्ट, आणि ७३ आलं की त्र्याहत्तर. यातून नियम काढू गेलात तर अपवादांची यादीच तक्त्याएवढी होईल. त्यापेक्षा शून्य ते नव्याण्णव सरळ `SHABDA` नावाच्या यादीत लिहून काढा.

```python
GHAR = [(10**7, " कोटी"), (10**5, " लाख"),
        (1000, " हजार"), (100, "शे")]

def akshari(n):
    if n < 100:
        return SHABDA[n]
    if n == 100:
        return "शंभर"
    for kimmat, nav in GHAR:
        if n >= kimmat:
            q, r = divmod(n, kimmat)
            return akshari(q) + nav + (" " + akshari(r) if r else "")
```

शंभरची वेगळी ओळ मुद्दाम आहे. ती नसेल तर १०० रुपयांच्या बिलावर ‘एकशे रुपये’ येतं. कोटीच्या भागालाही तेच फंक्शन पुन्हा लावलंय, म्हणून ‘एकशे वीस कोटी’ आपोआप जमतं. तिथे थेट `SHABDA[q]` लिहिलं असतं, तर शंभर कोटी झाल्या क्षणी प्रोग्राम कोसळला असता.

आता पैसे. `int(19.99*100)` करून बघा. उत्तर १९९८ येतं, कारण गुणाकार 1998.9999999999998 होतो आणि `int` पुढचं छाटून टाकतं. आकड्यात १९.९९ आणि अक्षरात अठ्ठ्याण्णव पैसे. हे बिल तुम्ही गिऱ्हाइकाला देणार?

जमाखर्च
नुसती शोभा जाते असं समजू नका. आकडा आणि अक्षर यांत फरक पडला तर अक्षरी रक्कम धरली जाते. १८८१ च्या परक्राम्य संलेख अधिनियमाच्या कलम १८ मध्ये स्पष्ट लिहिलंय. म्हणजे चुकीचं अक्षर छापलंत तर तेवढेच पैसे मिळतील.

टंकलेखक
कलम बरोबर, जागा चुकीची. ते चेक, वचनचिठ्ठी आणि हुंडीसाठी आहे. बिल त्यात बसत नाही. जीएसटीच्या नियम ४६ मध्ये बिलावर काय काय हवं याची यादी आहे, तिच्यात अक्षरी रक्कम नाही. ती छापतो कारण गिऱ्हाईक मागतं, आणि आकड्यात कुणी मागून एखादं शून्य वाढवलं तर कळावं म्हणून.

जमाखर्च
बरं, बिलाला कलम लागू नाही हे धरून चालू. पण त्याच बिलावरची अक्षरी रक्कम बघून आमचा माणूस चेक लिहितो, तिथे कलम लागू होतंच ना? पंचवीस वर्षं हेच बघतोय. आणि पैशांवर एवढं रण कशाला? जीएसटी कायद्याच्या कलम १७० खाली कर जवळच्या रुपयात येतो. बाजारात पैसे वापरतंय कोण?

टंकलेखक
१७० करापुरतं आहे. मालाची किंमत १९.९९ असेल तर ती तशीच राहते. बिलाची बेरीज पूर्ण रुपयात आणायची की नाही, हे दुकानदाराने ठरवायचं, प्रोग्राम लिहिणाऱ्याने नव्हे.

दोनओळी
पैशांचं ठीक आहे, `int` ऐवजी `round` लावतो, विषय संपला. पण ‘साठ तीन’ला एवढे का हसताय? बालभारतीने २०१९ मध्ये दुसरीच्या गणितात हेच आणलं ना? वीस एक, वीस दोन, साठ तीन. सरकारी पुस्तकाला चालतं ते बिलाला का चालू नये?

दुसरीच्या_बाई
मी तो वर्ग शिकवला आहे, म्हणून लिहिते. त्या पुस्तकातून जुने शब्द काढले नव्हते. मुलाला ‘त्रेसष्ट’ ऐकून ३६ लिहायची सवय असते, कारण तीन आधी ऐकू येतो आणि साठ नंतर. ‘साठ तीन’ म्हटलं की आधी सहा लिहायचा, मग तीन. ती आकडा लिहायला शिकण्याची पायरी होती. तुम्ही ती बिल छापायला वापरताय, याचा आमच्या वर्गाशी काय संबंध?

कोकणकडा
पायरी कसली? मराठीची वाट लावायचा प्रकार होता तो. आमच्या पिढीने निमकी, पाऊणकी, दीडकी पाठ केली, कुणाचं काही अडलं नाही. आता पोरांना एकोणऐंशी सांगितलं की ‘म्हणजे सेवन्टी नाईन का?’ विचारतात. बिलावर मराठी अक्षर हवं तर अस्सल हवं.

दुसरीच्या_बाई
ज्यांचं अडलं ते शाळा सोडून गेले, म्हणून तुम्हाला दिसले नाहीत. माझ्या वर्गात एक मुलगी होती. पन्नासपर्यंतच्या बेरजा तोंडी करायची, पण एकोणपन्नास म्हटलं की दर वेळी ५९ लिहायची. ‘चाळीस नऊ’ म्हटल्यावर एकदाही चुकली नाही. तिला ढ म्हणायचं का? तमिळ, कन्नड, तेलुगूत दशक आधी बोलतात, त्यांच्या भाषांची वाट लागली का?

कोकणकडा
मग तिकडेच जाऊन शिकवा! एका मुलीसाठी सगळ्या महाराष्ट्राचे शब्द बदलायचे?

दुसरीच्या_बाई
शब्द कुणी बदललेच नाहीत, हे मी वर लिहिलंय. वाचायचं नसेल तर उत्तर तरी देऊ नका.

एक्सेलवाला
शाळेचा वाद बाजूला ठेवा, माझं दुखणं वेगळं आहे. एक्सेलमध्ये थायलंडच्या बाथसाठी `BAHTTEXT` तयार मिळतं आणि रुपयासाठी काहीच नाही! म्हणून मायक्रोसॉफ्टच्या मदत पानावरचा `SpellNumber` मॅक्रो घेतला, त्यात डॉलरच्या जागी रुपी घातलं. तर १,२३,४५६ ला ‘वन हंड्रेड ट्वेन्टी थ्री थाउजंड’ येतं. लाख कुठे बदलायचा?

टंकलेखक
नाव बदलून लाख येणार नाही. तो मॅक्रो उजवीकडून तीन-तीन आकडे तोडतो. आपल्याकडे पहिला तुकडा तीनचा आणि पुढचे दोन-दोनचे. तोडायची पद्धतच बदलावी लागेल. वरचा क्रम, आधी कोटी, मग लाख, हजार, शंभर, व्हीबीएमध्ये तसाच लिहा. तिथे भागाकाराला `\` वापरा. `/` वापरलंत तर अपूर्णांक हातात येईल.

आणि @दोनओळी, `round` ने विषय संपत नाही. १९.९९ ला चालेल. पण दर गुणिले वजन करून 2.675 आलं तर? `"%.2f"` ने आकडा छापला की 2.67 येतो, आणि `round(2.675*100)` ने २६८ येतात. एकाच बिलावर आकड्यात सदुसष्ट पैसे, अक्षरात अडुसष्ट. रक्कम एकदाच ठरवा, पूर्ण पैशांत साठवा, आणि आकडा व अक्षर दोन्ही त्याच एका पूर्णांकातून काढा. मग फरक पडायला जागाच उरत नाही.

दोनओळी
हे मात्र करून पाहिलं. येतंय खरं तसं. पैशांत साठवायचं मान्य. पण शंभर शब्द हाताने टंकण्यात चुका होत नाहीत असं म्हणायचंय का? माझ्या दोन याद्यांत चुकायला जागा कमी, एवढं तरी मान्य करा.

टंकलेखक
चुकायला जागा कमी, हे मान्य. तक्ता तपासलाच पाहिजे. एका दुकानातली बिलं माझ्याकडे आली होती. ६८ पर्यंत सगळं ठीक, त्यापुढे ८५ ला ‘शहाऐंशी’, ७१ ला ‘बाहत्तर’. यादीत एकोणसत्तरनंतरचा स्वल्पविराम राहिला होता. पायथन अशा वेळी कुरकुर करत नाही, शेजारचे दोन्ही शब्द चिकटवून ‘एकोणसत्तरसत्तर’ असा एकच करतो, आणि पुढची सगळी यादी एका घराने सरकते. ९९ आल्याशिवाय प्रोग्राम अडत नाही. तक्त्याखाली या दोन ओळी घाला:

```python
assert len(SHABDA) == 100
assert len(set(SHABDA)) == 100
```

पहिलीने सुटलेला स्वल्पविराम सापडतो, दुसरीने दोनदा टंकलेला शब्द. ६९ आणि ७९ ची अदलाबदल झाली असेल तर ती यातून कळणार नाही, त्यासाठी यादी छापून कुणाकडून तरी मोठ्याने वाचून घ्या.

दुसरीच्या_बाई
यादी पाठवा, मी वाचून देते. कोकणकडांनाही पाठवा, त्यांना पाढे पाठ आहेत.

कोकणकडा
देतो वाचून. त्यात ‘अब्ज’ पण घाला. शंभर कोटीला एक अब्ज म्हणतात.

जमाखर्च
बिलावर अब्ज कुणी लिहीत नाही. बँकेतला माणूस परत पाठवेल. कोटीच ठेवा.

कोकणकडा
बँकेला येत नाही म्हणून आपण सोडायचं?

एक्सेलवाला
माझ्याकडे परत आलेल्या मालाची नोंद उणे रकमेत असते. −४० ला वरचं फंक्शन चालेल का?

टंकलेखक
चालल्यासारखं दिसेल, तीच भीती आहे. −४० हा शंभरपेक्षा लहान, म्हणून `SHABDA[-40]` वाचलं जातं. पायथनमध्ये उणे क्रमांक यादीच्या शेवटाकडून मोजतात, म्हणजे साठावं घर. चाळीस रुपयांच्या परताव्यावर ‘साठ रुपये’ छापेल, तेही बिनबोभाट. व्हीबीएमध्ये तेवढं तरी थेट त्रुटी दाखवेल. शिवाय −१२५०.५० च्या पैशांवर `divmod(-125050, 100)` केलं तर −१२५१ आणि ५० मिळतात, कारण पायथन खालच्या बाजूला भागतो. चिन्ह सुरुवातीलाच काढून ठेवा, `abs` वर सगळं करा, आणि ‘उणे’ शेवटी पुढे जोडा.

दोनओळी
तक्ता घालतोय. अब्जाचं मात्र तुमचं तुम्ही ठरवा, मी कोटीवरच थांबतो.